आगोटीची बेगमी पहिल्या पाटीपासून : बंदीच्या अडीच महिन्यांचा पैसा कुठून काढायचा



नारळी पौर्णिमा झाली, नारळ सोडला, होड्या पाण्यात गेल्या. हजिरा, डुमस, मगदल्ला, सगळीकडे पुन्हा मासळी यायला लागली. आता कुणी बंदीचं बोलायला लागलं की लोक म्हणतात, "आत्ताच कुठे सुरुवात झाली, तुम्ही पुढच्या जूनचं काय काढलंत?" पण आम्ही मुद्दाम आत्ताच काढतोय. मे महिन्यात हा विषय काढून काही उपयोग नसतो हे इतक्या वर्षांत कळलंय. मे महिन्यात लगीनसराई असते, होडी वर ओढायची असते, आणि बचतीच्या नावाने हातात काही उरलेलं नसतं.

आपल्या आज्या आगोटीची बेगमी करायच्या. पावसाळ्याआधी तांदूळ, लाकडं, सुकट, सुके बोंबील, सगळं भरून ठेवायच्या. ती बेगमी मे महिन्यात सुरू होत नसे, थंडीतच मांडवावर बोंबील चढायचे. पैशाची बेगमीही तशीच करावी लागते.

बंदीचा खर्च किती, ते आधी लिहा

पश्चिम किनाऱ्यावर केंद्राची बंदी 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस. आपल्या गुजरातेत अलीकडे ती 15 ऑगस्टपर्यंत लांबते. म्हणजे अडीच महिने धरून चला.

आपल्यातल्याच एका घराचा हिशोब इथे मांडतो. त्यांच्या संमतीने, नाव न घेता, आकडे सोपे करून. छोटी फायबर होडी, बाहेरचं मशीन, जाळं. नवरा आणि एक मदतनीस समुद्रात जातात, वहिनी विक्री बघतात. बंदीत त्यांना घरखर्चाला महिन्याला 9,000 लागतात, अडीच महिन्यांचे 22,500. जूनमध्ये शाळेची वह्या-पुस्तकं, गणवेश 4,500. होडीची डागडुजी, मशीनचं काम आणि जाळ्याचं सूत 8,000. एकूण 35,000.

बंदीत त्यांना अगदीच काही मिळत नाही असं नाही. तो दुसऱ्यांची जाळी विणायला जातो, वहिनी उधना-लिंबायतकडे सुकी मासळी विकतात. तिथल्या खानदेशी घरांत पावसाळ्यात सुकटाला आणि सुक्या बोंबलाला मागणी असते. यातून 15,000 सुटतात. खड्डा उरतो 20,000 चा.

हे 20,000 दरवर्षी कुठून यायचे? व्यापाऱ्याकडून उचल.

उचलीला व्याज नसतं, पण भाव असतो

व्यापारी जूनमध्ये 20,000 देतो. कागद नाही, तारण नाही, व्याज नाही. माणूस अडचणीत असतो, तो देव वाटतो. अट एकच असते, हंगामात मासळी त्यालाच द्यायची. आणि भाव तो सांगेल तो.

वहिनींना आम्ही एवढंच विचारलं होतं, की तशीच मासळी शेजारची होडी बाजारात देते तेव्हा तिला काय मिळतं? त्यांनी पंधरा दिवस बघितलं. कधी 3 रुपयांचा फरक, कधी 8 चा. सरासरी किलोमागे 5 रुपये कमी. पाच रुपयांचं कुणाला काय वाटतं! पण बेरीज करा. त्यांचे हंगामात समुद्रात जायचे साधारण 160 दिवस होतात. वारा, भरतीचं गणित, मशीन बंद, सण, हे सगळं वजा जाऊन. दिवसाला सरासरी 12 किलो विक्री. 160 दिवस, 12 किलो, 5 रुपये. झाले 9,600.

मुद्दल वेगळं. ते व्यापारी रोजच्या विक्रीतून कापून घेतो, दिवसाला 125 प्रमाणे 160 दिवसांत 20,000. म्हणजे बिनव्याजी म्हणून घेतलेल्या 20,000 साठी हे घर 29,600 देत होतं. आणि मे महिन्यात मुद्दल फिटलं की जूनमध्ये पुन्हा नवी उचल.

आता यातली एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. उचल 20,000 ऐवजी 10,000 घेतली तर भावातली कापणी अर्धी होते का? होत नाही. मासळी बांधलेली ती बांधलेलीच. किलोमागचे 5 रुपये 10,000 लाही जातात आणि 5,000 लाही. म्हणून "या वर्षी उचल जरा कमी घेऊ" याने फारसं काही हाती लागत नाही. उचल शून्यावर आली तरच भाव आपला होतो.

आणि इथेच महिन्याच्या छोट्या रकमेचं मोल आहे. सगळे 20,000 एका हंगामात साठवणं या घराला जमणारं नव्हतं. पण निम्मे साठले, तर उरलेले निम्मे व्यापाऱ्याकडून न घेता दुसरीकडून घेता येतात.

महिन्याचा हप्ता नको, पाटीमागची कापणी ठेवा

नोकरदार माणूस एक तारखेला पगारातून हजार बाजूला काढतो. आपला पैसा असा येत नाही. एका खेपेला 4,000 ची मासळी, पुढच्या दोन खेपा रिकाम्या. "महिन्याला 900 टाकू" म्हटलं की महिनाअखेर काही उरत नाही, आणि दोन महिने चुकले की माणूस सोडून देतो.

केरळच्या दक्षिणेला आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर छोट्या होड्यांच्या मच्छीमारांनी यावर जुनी वाट काढलेली आहे. तिथल्या गावसंस्थांचा महासंघ 1980 मध्ये उभा राहिला, सिफ्स या नावाने ओळखला जातो. किनाऱ्यावर लिलाव संस्थेमार्फत होतो, आणि विक्रीचे पैसे मच्छीमाराच्या हातात पडण्याआधीच शेकड्यामागे थोडे रुपये त्याच्या बचतीत जातात, कर्ज असेल तर त्याचाही ठरलेला भाग तिथेच वळता होतो. मासळी जास्त मिळाली तर कापणी जास्त, रिकामी खेप असेल तर शून्य. हप्ता चुकला असं कधी होतच नाही.

आपल्या या घराने तेच केलं. शेकडा तीन. वहिनींचा नियम असा, की विक्री झाली, पैसे मोजले, डिझेल-बर्फाचे देण्याआधी तीन टक्के वेगळ्या डब्यात. सरासरी विक्री दिवसाला 1,800 ची, म्हणजे 54 रुपये. 160 दिवसांचे 8,640. दर सोमवारी डबा मोकळा करून पैसे बँकेच्या वेगळ्या खात्यात. डबा घरात आठवड्यापेक्षा जास्त ठेवायचा नाही, कारण घरात पडलेल्या पैशाला पाय फुटतात.

डिझेलचे पैसे दिल्यावर कापू असं म्हणाल तर जमणार नाही. खर्च झाल्यावर जे उरतं त्याला आधीच दहा वाटा असतात.

उरलेले कुठे सापडले

एक महिना त्यांनी चोपडीत सगळा खर्च लिहिला. तीनच रकाने केले, समुद्राचा, घराचा आणि खिशाचा. खिशाचा म्हणजे ज्याची घरी कुणाला आठवण राहत नाही तो.

समुद्राच्या रकान्यात त्यांनी आधी बर्फाला हात लावला. रोज 40 रुपयांचा बर्फ कमी घेऊन बघितला. आठवड्यात कळलं की दुपारच्या उन्हात मासळी मऊ पडते आणि बाजारात किलोला 10 रुपये कमी येतात. 12 किलोचे 120 गेले, 40 वाचवायला. बर्फ, मशीनचं ऑइल, जीवरक्षक जॅकेट, यांत काटकसर करू नका. तिथे वाचवलेला रुपया तीन रुपये घेऊन जातो, आणि जॅकेटच्या बाबतीत तर जीव.

सापडलं ते खिशाच्या रकान्यात. दिवसाला चार मावे, दहा-दहाचे. आम्ही काही मावा सोडायचा उपदेश करत नाही, आमच्या ऑफिसच्या पायरीवरही रिकाम्या पुड्या पडलेल्या असतात. त्याने चाराचे दोन करायचं ठरवलं. दिवसाचे 20 रुपये, साडेनऊ महिन्यांचे 5,700 व्हायला हवे होते. निम्मे दिवस जमलं, निम्मे दिवस नाही. 2,850 जमले. तेही ठीक आहे. तुमच्या चोपडीत दुसरं काही निघेल. किराण्याच्या उधारीत भाव जास्त लागत असेल, जाळ्याचं सूत उधारीवर महाग पडत असेल, दोन फोनची दोन रिचार्ज असतील. पण चोपडी लिहिल्याशिवाय ते निघणार नाही, आणि एकापेक्षा जास्त गोष्टी एकदम कापायला जाऊ नका.

8,640 आणि 2,850. मे अखेर त्यांच्या खात्यात साधारण 11,500 होते.

पहिली बंदी, आणि नंतर

खड्डा 20,000 चा, हातात 11,500. उरले 8,500. ते वहिनींच्या बचत गटातून घेतले, महिन्याला शेकडा दोन व्याजाने. जूनअखेर पैसे घेतले, जुलै-ऑगस्ट फक्त व्याज भरलं, 170 प्रमाणे 340. सप्टेंबरपासून 1,700 चे पाच हप्ते, त्यांचं घटत्या रकमेवर व्याज 510. एकूण व्याज 850 रुपये.

शेकडा दोन म्हणजे काही स्वस्त व्याज नव्हे. तरीही 9,600 च्या जागी 850. कारण गटाचं कर्ज मासळीला बांधत नाही.

दुसऱ्या हंगामात काय झालं ते बघा. व्यापाऱ्याला जाणारे 125 आणि भावातले 60, मिळून दिवसाचे 185 रुपये आता घरात राहिले. हंगामाचे 29,600. त्यातून गटाचे 9,350 फेडले, उरले 20,250. पुढच्या बंदीचा खड्डा तेवढाच आहे. म्हणजे दुसऱ्या वर्षी नवीन पैसा कुठून शोधावा लागला नाही. जो पैसा हे घर कित्येक वर्षं देतच होतं, तोच स्वतःच्या खात्यात टाकला. तिसऱ्या हंगामापासून गटाचं देणंही नाही.

कठीण असतो तो पहिला हंगाम, कारण त्यात जुनी उचल फेडायची असते आणि नवी बचतही करायची असते. म्हणून त्या वर्षी रक्कम छोटी ठेवा, पण थांबू नका.

व्यापाऱ्याशी भांडण करू नका. अडीअडचणीला त्याने दिलंय हे खरं आहे, आणि मासळी कमी असते त्या दिवशीही तो घेतो. मे महिन्यात हिशोब मागा, पूर्ण फिटल्याचं दोन ओळींत लिहून घ्या, तारीख आणि सही घ्या. नंतरही त्याला मासळी द्या, फक्त बाजारभावाने. तोंडी हिशोबावर राहिलेल्या एका सभासदाकडे ऑगस्टमध्ये "मागचे चार हजार बाकी आहेत" म्हणून पुन्हा मासळी बांधून घेतली गेली. चोपडीत नोंद नव्हती, बोलायला तोंड उरलं नाही.

पैसा ठेवायचा कुठे

बंदीचा पैसा जूनमध्ये लागणार, म्हणून तो मोकळा हवा. बँकेत वेगळं बचत खातं काढा, शक्यतो घरच्या बाईच्या नावाने, आणि त्याचं एटीएम कार्ड खिशात फिरवू नका. भिशीत टाकत असाल तर एकच विचारा, आपली पाळी कधी? ऑक्टोबरला उचललेली भिशी जूनपर्यंत टिकत नाही. आणि भिशी चालवणारा उठून गेला तर दाद मागायला कागद नसतो.

पोस्टाची आरडी चांगली आहे, पण बंदीसाठी नाही. ती पाच वर्षांची असते, तीन वर्षांआधी बंद करता येत नाही. नवं मशीन, मुलीची फी, अशा लांबच्या कामासाठी ती ठेवा. महिन्याला 100 पासून सुरू होते. सध्याच्या 6.7 टक्के दराने 100 रुपये महिन्याचे पाच वर्षांत 7,136 होतात, 500 चे 35,683.

आपल्या लोकांची आरडी मोडते ती बंदीतच. जून, जुलै, ऑगस्ट हप्ता जात नाही, सप्टेंबरला गणपतीच्या गडबडीत राहतो, आणि चार हप्ते चुकले की खातं थांबतं. नंतर दोन महिन्यांत दंडासह चालू केलं नाही तर पुढे भरताच येत नाही. दंड शंभराला महिन्याला एक रुपया. यावर उपाय पोस्टाच्या नियमातच आहे. मे महिन्यात मे ते ऑक्टोबर असे सहा हप्ते एकदम भरा. सहा हप्ते आगाऊ भरले तर शंभराच्या आरडीवर 10 रुपये सूट मिळते. म्हणजे 600 ऐवजी 590. बंदीत खात्याकडे बघायलाच नको.

31 मे ला खात्यात 456 रुपये

हे छोटं आहे पण दरवर्षी चुकतं. प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे 20 रुपये आणि जीवनज्योती विम्याचे 436 रुपये बँक आपोआप कापते, आणि त्यांचं वर्ष 1 जूनला सुरू होतं. नेमकी तेव्हाच आपली खाती रिकामी असतात. पैसे नसले की कापणी होत नाही आणि विमा बंद पडतो. सुरक्षा विमा 18 ते 70 वयाला, अपघाती मृत्यूला 2 लाख. जीवनज्योतीत 18 ते 50 पर्यंत शिरता येतं, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी 2 लाख. मेच्या तिसऱ्या आठवड्यात या खात्यात 500 रुपये ठेवून द्या.

सरकारची बचत-मदत योजना

पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक, गरीब मच्छीमार कुटुंबासाठी बंदीकाळाची मदत आहे. आपण वर्षाला 1,500 भरायचे, सरकार 3,000 घालतं, आणि बंदीच्या तीन महिन्यांत 1,500 प्रमाणे 4,500 परत. वय 18 ते 60. शेकडा तीनच्या डब्यातलेच 1,500 यात गेले तर तिप्पट होऊन येतात. निकष, यादी आणि निधी सरकारी पातळीवर ठरतो, म्हणून यंदा आपल्या गावाला लागू आहे का ते जिल्हा मत्स्योद्योग कार्यालयात आधी विचारा. आणि पैसे नेमके जूनच्या पहिल्या आठवड्यात येतीलच असं धरून कुणाला शब्द देऊ नका.

खलाशी भावांसाठी दोन शब्द

तुमची मासळी नसते, वाटा असतो किंवा पगार. पण उचल तुमचीही असते, नाखव्याची, आणि ती पुढच्या हंगामाला बांधते. हिशोब होईल त्या दिवशी शेकडा तीन स्वतःच्या खात्यात टाका. नाखव्यांना विनंती, खलाशाने सांगितलं तर ती रक्कम थेट त्याच्या खात्यात पाठवा. "माझ्याकडे जमा ठेवतो" असं करू नका, चांगल्या मनाने केलं तरी त्यातून वाद होतात.

कुठे हे गणित चालणार नाही

ज्या घरात आजारपण आहे, किंवा ज्याचं मशीन हंगामाच्या मध्यात गेलं, तिथे शेकडा तीन टिकणार नाही. डब्यातला पैसा काढावा लागला तर काढा, तो त्यासाठीच आहे. फक्त पुढच्या पाटीपासून कापणी पुन्हा सुरू करा, एक टक्क्याने का होईना. आणि ज्यांच्यावर उचलीची मोठी बाकी वर्षानुवर्षं चालत आलीय, तिथे आधी ती बाकी नेमकी किती आहे हे कागदावर आणावं लागेल. ते एकट्याने होत नाही.

अशा सभासदांनी चोपडी घेऊन ऑफिसात यावं, संध्याकाळी आम्ही असतो. चोपडी नसेल तर नुसत्या चिठ्ठ्या आणा, आपण मिळून उतरवू. उद्याची पाटी विकली की आधी तीन टक्के बाजूला काढा, आणि शेजारच्या होडीला काय भाव मिळाला ते एकदा विचारून बघा.

दर्या शांत राहो, जाळी भरून येवोत.

— आपले सचिव, संस्थेच्या वतीने